मदत हवी आहे: संध्याकाळी ७११० वर शिट्टी येते, पण तिथे स्टेशनच नाही

लघुलहरी
४० मीटर बँडसाठी घरी बांधलेला रिसीव्हर आहे. डायपोल, त्यामागे ७.० ते ७.३ मेगाहर्ट्झचा बँडपास फिल्टर, मग थेट एसए६१२ मिक्सर आणि क्रिस्टल फिल्टर. दिवसा सगळं शांत असतं. संध्याकाळी सातनंतर ७११० किलोहर्ट्झवर एस ९ च्या थोडी वर शिट्टी येते आणि तिच्यामागे काही न कळणारं बोलणं ऐकू येतं. मित्राच्या रेडिओवर तिथे काहीच नाही. त्याच वेळी ७२०५ आणि ७३०० वर ब्रॉडकास्ट स्टेशनं एस ९ अधिक ४० इतकी जोरात असतात. क्रिस्टल फिल्टर अरुंद करून पाहिला, काही फरक नाही. या मिक्सरचा आयपी३ सुमारे उणे १५ डीबीएम आहे असं वाचलं. स्टेशनं उणे ३३ वर आहेत, म्हणजे मर्यादेच्या खालीच ना?

तांब्याची_तार
पुढचा फिल्टर ढिला आहे. तो घट्ट करा, शिट्टी जाईल.

ओम५०
फिल्टरचा मुद्दा ७३०० पुरता बरोबर आहे, पण ७२०५ हे हॅम बँडच्या टोकापासून फक्त ५ किलोहर्ट्झवर आहे. कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर इतक्या जवळचं काही कापू शकत नाही. क्रिस्टल फिल्टरचा उपयोग नाही, कारण शिट्टी त्याच्या आधी, मिक्सरमध्येच जन्मते आणि तिथून पुढे ती खऱ्या सिग्नलसारखीच वागते.

दोन जोरदार स्टेशनं मिक्सरमध्ये एकत्र आली की असा खोटा सिग्नल बनतो, त्यालाच इंटरमॉड म्हणतात. ७२०५ ची दुप्पट १४४१०. त्यातून ७३०० वजा करा, ७११० उरतात. दुसऱ्या बाजूने ७३०० ची दुप्पट वजा ७२०५ म्हणजे ७३९५. रिसीव्हर तिथपर्यंत ट्यून होत असेल, तर तिथेही असाच आवाज शोधा. दोनपैकी एक स्टेशन बंद झालं की दोन्ही खोट्या जागा एकदम शांत व्हायला हव्यात.

आता आयपी३. ती मर्यादा नाही, तिथपर्यंत मिक्सर कधी पोचतच नाही, त्याच्या बरंच आधी तो दबतो. खरा सिग्नल १ डीबी वाढला की खोटा ३ डीबी वाढतो. या दोन रेषा पुढे ओढल्या तर कागदावर जिथे भेटतील, तो बिंदू म्हणजे आयपी३. दोन्ही स्टेशनं सारख्याच जोराची धरली, तर मिक्सरच्या तोंडाशी हिशेब असा:

```
P3 = 3·P − 2·IIP3
   = 3(−33) − 2(−15) = −69 dBm
```

एस ९ म्हणजे उणे ७३. म्हणजे तुम्हाला जेवढी ऐकू येते तेवढीच ती निघते.

कोकणवारा
माझ्याकडेही ७०८० वर शिट्टी आहे, दिवसरात्र सारखीच. अँटेना काढली तरी जात नाही. हेच ना?

ओम५०
नाही, ती तुमच्याच ऑसिलेटरची किंवा पॉवर सप्लायची आहे. इंटरमॉडला दोन बाहेरचे सिग्नल लागतात, अँटेना काढली की ते संपतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मिसळेल.

लघुलहरी, अँटेना आणि फिल्टरच्या मध्ये १० डीबीचा ॲटेन्युएटर लावा: दोन्ही बाजूंनी जमिनीकडे १०० ओहम, मध्ये ६८ ओहम. खरं स्टेशन १० डीबीने उतरेल, खोटं ३० ने. पण तेही १० नेच उतरलं, तर ते रिसीव्हरच्या बाहेर, एखाद्या गंजलेल्या जोडात तयार होऊन हवेतून येतंय. मग मिक्सर बदलून काही होणार नाही.

तांब्याची_तार
पण ॲटेन्युएटरने दुबळी स्टेशनं मरतील. उलट पुढे प्रीॲम्प लावावा.

ओम५०
७ मेगाहर्ट्झवर तसं होत नाही. संध्याकाळी बँडची स्वतःची खरखर एसएसबीच्या रुंदीत उणे ९५ च्या आसपास धरा. या रिसीव्हरची स्वतःची खरखर उणे १३० जवळ असेल. मध्ये ३५ डीबी वाया पडलेत. १० आणि ६ डीबीचे दोन पॅड ओळीने लावले तर स्टेशनं आणि बँडची खरखर सारखीच खाली येतात, ऐकण्यात काही हरवत नाही. खरखर उणे १११ वर येते आणि शिट्टी उणे ११७ वर, म्हणजे तिच्याखाली गाडली जाते. प्रीॲम्प लावलात तर नेमकं उलट: १० डीबी वाढवले की मिक्सरवर शिट्टी ३० वाढायला बघेल.

कायमचा उपाय हवा असेल तर डायोड रिंग मिक्सर घ्या, एडीई-१ सारखा. त्याचा आयपी३ अधिक १५ च्या जवळ, म्हणजे हीच शिट्टी उणे १२९ वर. मात्र त्याला ऑसिलेटरकडून ७ डीबीएम हवेत आणि आयएफच्या बाजूला सगळ्या फ्रिक्वेन्सीवर ५० ओहम दिसायला हवेत. क्रिस्टल फिल्टर थेट जोडलात तर तो नको त्या फ्रिक्वेन्सी परत फेकतो आणि आयपी३ घसरतो. मध्ये डायप्लेक्सर किंवा ५० ओहमचा ॲम्प टाका.

लघुलहरी
आत्ता १० डीबीचा पॅड लावून पाहिला. ७२०५ मीटरवर १० ने उतरलं, शिट्टी २३ ने. ७३९५ वर अंधुक काहीतरी आहे. ३० का नाही?

ओम५०
इतकं उतरलं म्हणजे ती आतच बनतेय. उरलेले ७ डीबी दोन कारणांनी असू शकतात: खालच्या टोकाला मीटर चुकतोय, किंवा पॅडशिवाय मिक्सर आधीच दबू लागला होता आणि तिथे ३ चा उतार टिकत नाही. एजीसी बंद करून ऑडिओ मल्टिमीटरवर पॅडशिवाय आणि १० च्या पॅडने पुन्हा मोजा, आणि फक्त ६ डीबीचा पॅड लावून आणखी एक वाचन घ्या. ६ वरून १० ला जाताना १२ च्या आसपास उतरली, पण पॅडशिवाय ते १० पर्यंत पुन्हा २३ नेच, तर दोष मीटरचा नव्हता.

लघुलहरी
उद्या संध्याकाळी मोजून इथेच टाकतो.