अपरिचितीकरण मजकुरात असतं की वाचकाच्या डोक्यात?

गोदाकाठ_वाचनकट्टा: एका नव्या कथेतला उतारा: "एक माणूस ट्रॉलीवर चढतो. चार गोळे उचलतो, एकाचं साल अंगठ्याने सोलून खाली टाकतो आणि आकडा ओरडतो. खालून त्याहून मोठा आकडा येतो. मग तिसरा. ट्रॉली घेऊन आलेला चाकाला हात लावून उभा आहे. तो बोलत नाही. आकडे थांबतात. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो." निम्मे म्हणतात हे अपरिचितीकरण, निम्मे म्हणतात नुसतं कोडं. रूपवादी पद्धतीने ठरवायचं कसं?

नांदूरनाका: कोडंच आहे. अपरिचितीकरण म्हणजे ताजी, धक्का देणारी प्रतिमा, आणि इथे एकही उपमा नाही. लासलगावचा लिलाव सरळ लिहायचा सोडून नावं लपवली आहेत, एवढंच.

मात्रावृत्त: नावं लपवली हे बरोबर, प्रतिमेचं मात्र उलटं आहे. रशियन रूपवादी समीक्षक श्क्लोव्हस्कीचा 1917 चा लेख सुरू होतो तोच 'कला म्हणजे प्रतिमांमधून विचार' या मताला विरोध करत. उपमा बहुधा अनोळखी गोष्ट जवळ आणते. तो बोलतो ते ओळखीची गोष्ट लांब नेण्याबद्दल, म्हणजे ती नुसती ओळखून पुढे जाता येऊ नये, बघत थांबावं लागावं. त्याचं गाजलेलं उदाहरण टॉलस्टॉयच्या कथेतल्या घोड्याचं. माणसं 'माझा घोडा', 'माझी जमीन' का म्हणतात हे त्या घोड्याला कळत नाही, आणि तिथे मालकी ही गोष्टच विचित्र दिसू लागते. त्यात उपमेचं काम फारसं नाही.

आता उतारा. आधी त्याचं रोजचं वाक्य करा: 'बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला, शेतकऱ्याला भाव मिळाला.' उताऱ्यातून कांदा, लिलाव, शेतकरी, भाव हे चार शब्द गेलेले दिसतील. मग एकेक शब्द परत घालून वाचा. 'गोळे'च्या जागी 'कांदे' घातलं तर काही बिघडत नाही. म्हणजे तिथे खरंच कोडं होतं, सुटलं की संपलं. 'आकडा'च्या जागी 'भाव' घाला. लगेच सगळं ओळखीचं होतं आणि डोळा पुढे पळतो. 'आकडा' असताना दिसतं ते हे, की आकडे सगळे इतरच ओरडतात आणि माल ज्याचा आहे तो एकही उच्चारत नाही. उत्तर कळल्यावर दुसऱ्यांदा वाचलं तरी हे टिकतं. कोडं आणि अपरिचितीकरण यांतला फरक मी इथे ओळखतो.

एक दोष मात्र आहे. बघतंय कोण? तिथे घोडा बघतो, म्हणून त्याला न कळणं पटतं. इथल्या निवेदकाला ट्रॉली कळते, चाक कळतं, कांदा तेवढा कळत नाही. न कळण्याला आधार नसला की लेखकाची युक्ती उघडी पडते.

अंतराळवीर: माझ्या विज्ञानकथेत तीन सूर्यांचा ग्रह आहे, तिथलं सगळंच अपरिचित. ते यात बसतं का?

मात्रावृत्त: ग्रह बसत नाही, कारण तो वाचकाला मुळातच परिचित नाही. त्या ग्रहावरचा कोणी आपल्याकडचं घरभाडं बघून चक्रावला, तर बसेल.

निफाडकर_वाचक: इथेच माझा आक्षेप. ज्याने लिलाव कधी पाहिलेला नाही अशा वाचकाला 'आकडा' ही फक्त माहिती. निफाडच्या माणसाने शेकडो लिलाव पाहिलेत, तो थबकेल. मजकूर एकच, परिणाम दोन. मग हे तंत्र मजकुरात आहे असं रूपवादी कशाच्या जोरावर म्हणतात?

मात्रावृत्त: एकट्या वाचकाच्या नाही, रूढीच्या जोरावर. बाजारभावाच्या बातम्या 'कांद्याला भाव मिळाला' याच साच्यात येतात, आणि तो साचा मजकुराबाहेर दाखवता येतो. उतारा त्यापासून कुठे हलला हेही दाखवता येतं. त्याच गटातल्या टिन्यानोव्हने पुढे हाच मुद्दा ताणला: तंत्र कायम ताजं राहत नाही, रूढ झालं की तेच यांत्रिक होतं. उद्या दहा कथांमध्ये मुका शेतकरी आणि ओरडले जाणारे आकडे आले, तर हाच उतारा निष्प्रभ होईल.

निफाडकर_वाचक: साचा दाखवता येईल, पण तो माझ्या अंगवळणी पडलाय की नाही हे त्या बातम्यांवरून कळत नाही. विश्लेषणात 'अमुक वाचकासाठी' असं लिहायलाच हवं.

मात्रावृत्त: मी 'अमुक रूढीच्या तुलनेत' असं लिहीन. वाचक मोजायला गेलात की ते सर्वेक्षण होतं, कथेचं विश्लेषण बाजूला पडतं.

नांदूरनाका: उपमेचं मान्य. पण लेखक 'गोळे' सोडेल असं वाटत नाही. ते काढलं तर पहिल्या ओळीत वाचक अडखळणार कशाला?

गोदाकाठ_वाचनकट्टा: 'कांदे' घालून वाचलं. मला 'तो बोलत नाही' हे वाक्य उलट ठळक झाल्यासारखं वाटलं. कट्ट्यावरच्या दोघांना मात्र अजूनही 'गोळे'च हवेत.