उत्तर न आलेल्या मेसेजनंतरचा दुसरा मेसेज : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती: माझा मावसभाऊ दारव्ह्याला पोलीस भरतीची तयारी करतो. सोबतची एक मुलगी त्याला मनापासून आवडते. त्यानं तिला विचारलं, "क्लास सुटल्यावर स्टँडवर चहा घेऊ या का?" निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आता तो हे पाठवायला निघालाय:

"मेसेज पाहिलास ना? मग उत्तर काहून नाही? माझं काही चुकलं का? मले रात्री झोप नाही लागत. हो की नाही, एवढं तरी सांग."

मी थांबवून ठेवलंय त्याला. शब्द कसे बदलावेत? ज्यांना असे मेसेज आलेत त्यांनी जरूर लिहा.

पऱ्हाटी: मला असाच आला होता, "फक्त हो की नाही सांग". त्याला वाटलं, सोपं करून दिलं. पण हो म्हटलं तर शब्दात अडकले, आणि नाही म्हटलं तर सकाळी त्याच एसटीत त्याचं पडलेलं तोंड पाहायचं. गप्प राहणंच त्यातल्या त्यात सोपं होतं, म्हणून गप्प राहिले.

आणि निळ्या टिकांवरून काही ठरवू नका. तेव्हा आमच्या घरी फोन एकच होता. दिवसभर आम्ही कापूस वेचायला, फोन लहान भावाच्या हातात. मेसेज त्यानं उघडला होता. "पाहिलास ना" हे शब्द वडिलांसमोर स्क्रीनवर चमकले असते तर माझा क्लासच बंद झाला असता.

पांदणरस्ता: तीन दिवस थांबायचं आणि एखादं हसवणारं स्टिकर टाकायचं. जड काही लिहूच नये. माझं तरी जमलं, आता आमचं लग्न झालंय.

अभ्यासिकेतली ताई: जड लिहू नये, हे बरोबर. पण स्टिकरनं पहिला प्रश्न हटत नाही. तिला कळतं की हा अजून उत्तराची वाट पाहतोय.

मी अभ्यासिका सांभाळते, पोट्टे असे मेसेज दाखवायला आणतात. भावाला म्हणावं, एकेक ओळ तिच्या जागी बसून वाच. "पाहिलास ना" म्हणजे हजेरी घेणं झालं. "माझं काही चुकलं का" नम्र वाटतं, पण त्याची समजूत काढायचं काम तिच्यावर येतं. "झोप नाही लागत" यानं तर त्याच्या तब्येतीचा भारही तिच्याच माथी.

मुळात विचारणंच जड होतं. दारव्ह्याच्या स्टँडवर दोघं चहा प्याले तर संध्याकाळपर्यंत तिच्या गावात कळतं. नुसते शब्द मऊ करून भागायचं नाही, मागणंच हलकं करावं लागेल. मी असं लिहिलं असतं:

"चहाचं विचारलं होतं, ते राहू दे. अंकगणिताच्या नोट्स झेरॉक्सवाल्याकडे ठेवल्यात, पाहिजे असतील तर घे."

यात प्रश्नचिन्ह नाही. उत्तर दिलं नाही तरी काही अडत नाही.

वरूडची संत्री: आमच्या भाच्यासाठी मुलगी पाहून आलो, महिना झाला, पसंती कळवली नाही. मध्यस्थाला फोन करावा का?

धागाकर्ती: काका, इथे स्थळाचं नाही, मुलानं स्वतः पाठवलेल्या मेसेजचं चाललंय. मध्यस्थाला खुशाल फोन करा, त्यासाठीच तर तो असतो.

पऱ्हाटी: ताई, "ते राहू दे" रुसल्यासारखं वाटतं. मी असते तर मला वाटलं असतं, आता याला मनवावं लागणार. आणि नोट्स तिनं मागितल्या होत्या का? नसतील तर तेही ओझंच, घेतल्या की उपकार झाले.

अभ्यासिकेतली ताई: "राहू दे"चं पटलं. "चहाला यायलाच पाहिजे असं काही नाही" लिहा. नोट्स मात्र तिनं आधी मागितल्या असतील तरच. नसतील तर फक्त पहिलं वाक्य पाठवून थांबावं. खाली "घाई नाही, सवडीनं सांग" जोडू नका, त्यानं बंद केलेला प्रश्न पुन्हा उघडतो. आणि यानंतर तिसरा मेसेज नाही, मैत्रिणीकडून निरोप नाही, स्टेटसला दर्दभरी गाणी नाहीत. ती स्टेटस तिलाही दिसतात.

पांदणरस्ता: एवढं मोजून लिहिलं तर आवडते हे तिला कळणार कसं?

पऱ्हाटी: चहाला बोलावलं तेव्हाच कळलं, दादा.

धागाकर्ती: नोट्स तिनं खरंच मागितल्या होत्या. रात्री नको म्हणून दुपारी पाठवायला लावला: "चहाला यायलाच पाहिजे असं काही नाही. तू मागितलेल्या नोट्स झेरॉक्सवाल्याकडे आहेत." तिनं नोट्स नेल्या. मेसेजला उत्तर नाही. आता तो विचारतोय, क्लासमध्ये समोर आली तर विषय काढू का?

अभ्यासिकेतली ताई: नाही. नेहमीसारखं बोलावं. विषय काढायचा तर ती काढेल.

पऱ्हाटी: मला इथे थोडं वेगळं वाटतं. त्या मुलानं पुढे काहीच म्हटलं नाही, आणि मी कितीतरी दिवस बस बदलून जात होते. "मी परत विचारणार नाही" एवढं त्यानं एकदा, चारचौघांत नाही, सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अभ्यासिकेतली ताई: पण त्यासाठी तिला बाजूला बोलवावं लागेल, आणि गावात तेच नको असतं. मेसेजमध्येच तेवढं लिहिता आलं असतं का, हे बाकीच्या मुलींनी सांगावं.