कौतुक करून ‘थोडं कमी करा ना’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

उंबरठा
आज पुन्हा तेच. “ताई, ब्लँकेट इतकं सुरेख झालंय, नजर हटत नाही! माझ्यासाठी थोडं कमी करा ना.” मी अशांना आता उत्तरच देत नाही, थेट ब्लॉक करते. ज्याला कष्टांची किंमत नाही त्याने गोड बोलायला येऊच नये. तुम्ही काय करता?

लोकरगुंता
सकाळी हे वाचलं आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. मीही घरीच क्रोशाची ब्लँकेटं विणून विकते. ताई, ब्लॉक करणं मला अजिबात पटलेलं नाही. समोरच्या बाईने दोन वाक्यं लिहिली. पहिलं खरं असू शकतं आणि दुसरं नुसता प्रश्न असू शकतो. आपण दोन्ही जोडून त्याचा डाव करतो आणि मग त्या डावावर चिडतो.

सुरुवातीला मी उलटी चूक करायचे. कुणी कमी करा म्हटलं की अख्खा हिशोब मांडायचे: लोकर इतकी, तास इतके, मान कशी आखडते तेसुद्धा. एकीने सगळं शांतपणे वाचलं आणि लिहिलं, “मग साधी लोकर वापरा ना, चालेल मला.” तिचं काहीच चुकलं नव्हतं. हिशोब मीच पुढे केला होता, तिने त्यातली एक ओळ उचलली. तेव्हापासून उत्तरात खर्च लिहायचा नाही हे ठरवलं.

दुसरी चूक याहून महाग पडली. एकीने इतकं भरभरून लिहिलं की मी विरघळले आणि दहा टक्के कमी केले. पंधरा दिवसांनी माझ्या जुन्या ग्राहक बाईंचा मेसेज आला. त्या दोघी मैत्रिणी निघाल्या. या बाईंनी एका शब्दाने घासाघीस न करता पूर्ण पैसे दिले होते. “मी मागितलं नाही म्हणून मला जास्त लावलं का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फरकाचे पैसे परत केले, पण त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता मी एवढंच लिहिते: “तुम्हाला इतकं आवडलं हे वाचून खूप बरं वाटलं. किंमत सगळ्यांना हीच आहे. थोडं कमी बजेट असेल तर हेच ब्लँकेट एका रंगात करून देते, त्यात माझं काम कमी होतं म्हणून किंमतही कमी. कसं करू?” आभारानंतर ‘पण’ लिहायचं नाही. ‘पण’ आला की आधीचे आभार खोटे वाटतात. माफीही मागायची नाही.

आणि एका रंगाचं नुसतं म्हणायला नाही. माझ्या पट्ट्यांच्या ब्लँकेटमध्ये पाच रंगांचे चाळीस पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्याला सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक अशी दोन टोकं सुटतात, म्हणजे ८० टोकं. प्रत्येक टोक जाड सुईत ओवून टाक्यांच्या आतून एकदा पुढे, एकदा मागे न्यायचं आणि कापायचं. नाहीतर दोन धुण्यांत ते बाहेर डोकावतं. एका टोकाला दोन मिनिटं धरली तरी २ तास ४० मिनिटं झाली. एका रंगात सहा गोळे लागले तर टोकं फक्त बारा. कमी केलेले पैसे असे त्या वाचलेल्या वेळातून येतात, माझ्या मजुरीतून नाही.

मोजपट्टी
लोकरगुंताताई, ८० टोकं कशाला? रंग न कापता कडेने वर नेता येतो. मी कित्येक वर्षं तसंच करते.

लोकरगुंता
दोन-तीन रंग असतील आणि पट्टा दोन ओळींचा असेल तर जरूर नेता येतो. माझे पट्टे एकेका ओळीचे आहेत आणि रंगांचा क्रम ठरलेला नसतो. ओळ संपली की धागा पलीकडच्या कडेला अडकतो, हवा तेव्हा इकडे असेलच असं नाही. शिवाय पाच धागे एका कडेने वर नेले की ती कड दोरखंडासारखी जाड होते आणि ब्लँकेट एका बाजूने ओढल्यासारखं दिसतं.

मोजपट्टी
एका ओळीचे पट्टे आणि क्रमही बदलता असेल तर मग मान्य.

मूळ प्रश्नावर मात्र मला वेगळंच बोलायचंय. उंबरठाताई, तुमच्या फोटोखाली किंमत लिहिलेली नसते. “किंमतीसाठी मेसेज करा” असतं. घासाघीस तिथेच सुरू होते. ज्या वस्तूवर किंमत नाही तिची किंमत माणूस पाहून ठरते असंच कुणालाही वाटणार.

उंबरठा
माझ्या फोटोखाली काय लिहायचं ते मी ठरवीन. प्रत्येक ब्लँकेटचा आकार वेगळा, लोकर वेगळी. एक आकडा लिहिला की सगळे तोच धरून बसतात. आणि किंमत लिहिली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेच डिझाइन थोडं कमी भावात टाकतं. हे माझ्याबरोबर दोनदा झालंय.

मोजपट्टी
ज्याला नक्कल करायची तो मेसेज करून किंमत विचारतोच. अडतो तो फक्त खरा ग्राहक. त्याला एका आकड्यासाठी अनोळखी माणसाशी बोलावं लागतं. आकार वेगळे असतील तर तीन आकारांच्या तीन किंमती लिहा. आणि लक्षात घ्या, बाजू पाचव्या हिश्श्याने कमी केल्या की विणायचं क्षेत्रफळ ६४ टक्केच उरतं, एक तृतीयांशाहून जास्त काम वाचतं. हे ग्राहकाला माहीत नसतं. तिन्ही किंमती शेजारी दिसल्या की तो आपणहून लहान आकार निवडतो, सूट मागायची वेळच येत नाही.

उंबरठा
तुमच्याकडे ऑर्डरी रांगेत उभ्या असतील, म्हणून हे सुचतंय. मला महिन्याला तीन मिळतात. मेसेज आला तर निदान बोलणं तरी होतं.

मोजपट्टी
आणि बोलणं झालं की तुम्ही ब्लॉक करता!

उंबरठा
हे टोमणे मारायचे असतील तर मी धागा बंद करते.

सरळरेषा
भांडू नका. मी दुकानाचे हिशोब पाहतो, मला यात एवढं अवघड काही दिसत नाही. माणसाला सूट मिळाल्याचा आनंद हवा असतो. १०० ची वस्तू ११५ ला लावा, मागितलं की १० टक्के सोडा. १०३.५० हातात येतात, गिऱ्हाईक खूश. सूट दिल्याने विक्री वाढते हे कुठलाही दुकानदार सांगेल.

लोकरगुंता
दादा, याने माझ्या त्या न मागणाऱ्या बाईंना ११५ पडले असते. जी गप्प बसते तिच्याकडून जास्त घ्यायचं, हे मला जमणार नाही. याला मी फसवणूकच म्हणेन.

विक्री वाढते, हे दुकानात खरं असेल. हातकामाचा हिशोब करून बघा. किंमत १००, त्यातले ७५ लोकर, पॅकिंग आणि तासांची मजुरी धरून गेले, शिल्लक २५. दहा सोडले की शिल्लक १५. तीन ब्लँकेटं विकून जे ७५ उरायचे, ते उरायला आता पाच विकावी लागतात. दुकानदार पाच मागवतो. मला पाच विणावी लागतात आणि हात दोनच आहेत.

सरळरेषा
शिल्लक २५ च धरली म्हणून तसं दिसतं. पन्नास धरली तर दहा सोडून चाळीस उरतात, चारच्या जागी पाच विकली की झालं. पण तास वाढत नाहीत हा मुद्दा खरा आहे, तो मी धरला नव्हता. फसवणूक हा शब्द मात्र मागे घ्या. सगळा बाजार तसा चालतो.

लोकरगुंता
शब्द मागे घेत नाही.

पायवाट
माझाही असाच त्रास आहे. माझी मावसबहीण दर वेळी “तुझ्या हातात जादू आहे” म्हणते आणि दोन नग उचलून नेते. पैशांचं नावच नाही. तिला काय उत्तर द्यायचं ते कुणीतरी सांगा, कारण आई म्हणते घरच्यांकडून घ्यायचे नाहीत.

लोकरगुंता
ताई, तुमचा त्रास वेगळा आहे. मावसबहीण कमी करा म्हणतच नाही, तिच्या दृष्टीने ती भेट आहे. तिथे किंमतीबद्दल बोलून उपयोग नाही. “हे दोन ऑर्डरचे आहेत” एवढं सांगून पिशवीत घालायच्या आधी हातातून परत घ्यावे लागतील. आईंची समजूत कशी घालायची ते मला सांगता येणार नाही.

निळी शाई
मी विकत घेणाऱ्यांपैकी आहे. लिहू की नको असं झालं होतं, पण ‘गोड बोलायला येऊच नये’ हे वाचून राहवलं नाही.

माझ्या बहिणीच्या बाळासाठी मी एका ताईंना असंच विचारलं होतं. ब्लँकेट खरोखर आवडलं होतं, कडेचे शिंपले मोठे करून पाहिले होते, म्हणून तसं लिहिलं. मग किंमत कळली, ती माझ्या ठरवलेल्या पैशांपेक्षा थोडी वर होती. फोटोखाली आकडा नव्हता, मला वाटलं विचारायला हरकत नसेल. उत्तर आलं, “मशीनचं घ्या, स्वस्त मिळेल.” मी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ हातात घेतला नाही. आधी केलेलं कौतुकही खोटं ठरवलं गेलं, याचं जास्त वाईट वाटलं. एका रंगाचं स्वस्तात होतं हे कुणी सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे ऑर्डर दिली असती.

मोजपट्टी
बघा. ‘फोटोखाली आकडा नव्हता.’ मी दुसरं काय सांगत होते?

उंबरठा
निळी शाई, मशीनचं घ्या असं मी कुणाला कधी लिहिलेलं नाही. पण उत्तर न देता ब्लॉक करणं त्याहून बरं, असंही आता म्हणवत नाही.

तरी एक सांगते. असे मेसेज महिन्यातून दहा येतात, त्यातले आठ जण कमी नाही म्हटल्यावर पुन्हा दिसत नाहीत. आठ वेळा नम्रपणे लिहायचं आणि आठ वेळा शांतता ऐकायची, हे दमवतं. लोकरगुंता, तुमच्या उत्तरावर शांतता येत नाही का?

लोकरगुंता
येते. बऱ्याचदा येते. म्हणून तर ते चारच वाक्यांचं ठेवलंय आणि फोनमध्ये साठवलंय, फक्त पहिल्या वाक्यात त्यांनी नेमकं काय आवडलं म्हटलंय ते घालते. एक मिनिट लागतो. पुन्हा “तरीपण बघा ना” आलं तर “किंमत तीच राहील, कधीही मन झालं तर सांगा” एवढं लिहून थांबते. तिसऱ्यांदा आलं तर मीही उत्तर देत नाही.

उंबरठा
सकाळच्या त्या बाईंना अनब्लॉक केलं. तुमचंच वाक्य लिहिलं, फक्त एका रंगाऐवजी लहान आकार सुचवला, कारण माझ्याकडे एका रंगाची पुरेशी लोकर नाही. अजून वाचलेलं दिसत नाही.

मोजपट्टी
आणि किंमत लिहिलीत का फोटोखाली?

उंबरठा
नाही. त्यावर माझं मत बदललेलं नाही.