गँगस्टरपटांची सुरुवात कुठून करावी: आधी झगमगीत हिंसा की आधी माणूस?

रेवतीतीर: गुन्हेगारी जगावरचे चित्रपट मी आजवर टाळत आले. आता पाहायचे ठरवले आहे आणि 'गॉडफादर', 'गुडफेलाज', 'स्कारफेस' आणि 'सत्या' अशी चार नावे समोर आहेत. घरातले काही जण म्हणतात की आधी वेगवान, झगमगीत हिंसेचा चित्रपट पाहा, म्हणजे गोडी लागेल. तर काहींचे म्हणणे आहे की व्यक्तिचित्रणाला महत्त्व देणाऱ्या चित्रपटापासूनच सुरुवात करावी. मला रक्तपात फारसा सोसत नाही, मात्र कथानक आधी कळले तरी हरकत नाही. कोणता आधी पाहावा आणि का?

संकलनखोली: 'गॉडफादर' आधी पाहावा, असे माझे ठाम मत आहे. १९७२ सालच्या या चित्रपटात गोळी झाडली जाण्याआधीचा वेळ ज्या सावकाशीने दाखवला आहे, ती सावकाशी अंगवळणी पडली की पुढचे सगळे गँगस्टरपट वेगळ्या नजरेने पाहता येतात. उदाहरण म्हणून ब्राँक्समधल्या रेस्टॉरंटचा प्रसंग घ्या. मायकेल कोरलिऑनी हा तोवर घरच्या गुन्हेगारी धंद्यापासून लांब राहिलेला, युद्धावरून परतलेला मुलगा आहे. वडिलांच्या टोळीतला क्लेमेंझा त्याला पिस्तूल देतो तेव्हा एखाद्या कारागिराने हत्यार समजावून सांगावे तसे बोलतो: चापावर आणि दस्त्यावर ठसे उमटू नयेत म्हणून पट्टी लावली आहे, आवाज मुद्दाम मोठा ठेवला आहे, काम झाले की पिस्तूल टाकून द्यायचे आणि चालत बाहेर पडायचे. शौचालयातून बाहेर येताच गोळ्या झाडायच्या, असेही त्याला बजावलेले असते.

मायकेल शौचालयात जातो, जुन्या पद्धतीच्या पाण्याच्या टाकीमागे लपवलेले पिस्तूल त्याला सापडते, आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा खुर्चीत येऊन बसतो. समोर बसलेला घराण्याचा शत्रू सोलोझो इटालियनमध्ये बोलत राहतो, पण त्याच्या बोलण्याचा अनुवाद पडद्यावर येत नाही. आपण पाहतो ते केवळ अल पचिनोचे डोळे. पार्श्वसंगीत मुळीच नाही. ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च यांनी तिथे उन्नत मार्गावरून जाणाऱ्या आगगाडीचा चरचराट हळूहळू वाढवत नेला आहे. ती गाडी आपल्याला दिसत नाही, पण तो आवाज मायकेलच्या डोक्यात चालला आहे हे कोणालाही कळते. गोळ्या झाडण्याला काही सेकंदच लागतात, आणि संगीत सुरू होते ते पिस्तूल जमिनीवर पडल्यानंतर. या प्रसंगात रक्त आहे, परंतु तो लक्षात राहतो तो त्या खुर्चीत पुन्हा बसण्यामुळे, कारण सांगितलेले न करता मायकेल तिथे क्षणभर स्वतःच्या आयुष्याचा निर्णय घेत असतो.

मध्यंतर: प्रसंगाचे वर्णन अचूक आहे, पण त्यावरून काढलेला सल्ला मला मान्य नाही. सावकाश ते सखोल आणि वेगवान ते उथळ, असे नव्या प्रेक्षकाच्या मनात एकदा बसले की 'गुडफेलाज' त्याला कधीच नीट दिसणार नाही. १९९० च्या या चित्रपटात शैली हेच व्यक्तिचित्रण आहे. नायक, गुंड हेन्री हिल, त्याची मैत्रीण कॅरन हिला कोपाकबाना क्लबमध्ये नेतो तो प्रसंग पाहावा. दारासमोरची रांग टाळून दोघे मागच्या बाजूने आत शिरतात आणि कॅमेरा एकही तुकडा न पाडता त्यांच्या पाठीमागून अरुंद वाटांतून, स्वयंपाकघरातून थेट सभागृहात पोहोचतो. तिथे त्यांच्यासाठी नवे टेबल उचलून आणले जाते आणि अगदी रंगमंचापुढे मांडले जाते. कॅरन विचारते की तुम्ही काय करता, तर तो सांगतो की बांधकामात आहे. ती भुलते, आणि त्या अखंड चित्रणामुळे आपणही तिच्याबरोबर भुलतो.

आता त्याच माणसाचा ११ मे १९८० हा दिवस पाहा. पडद्यावर वेळ लिहून येते, आकाशात हेलिकॉप्टर आहे, पिस्तुले पोहोचवायची आहेत, कोकेन पाठवायचे आहे, आणि त्याच वेळी घरी शिजणारा सॉस खाली लागू नये म्हणून भावाला ढवळत राहायला सांगायचे आहे. गाणी अर्ध्यावर तुटतात आणि दृश्ये धापा टाकल्यासारखी बदलत जातात. हेन्रीचे मन किती विस्कटले आहे हे एकाही संवादात सांगावे लागत नाही, कारण थेल्मा स्कूनमेकर यांच्या संकलनाने ते आधीच सांगून टाकलेले असते. याला नुसती झगमगीत हिंसा म्हणणे अन्यायाचे होईल. उलट गुन्हेगारांना राजघराण्याचा भारदस्तपणा देण्याचा दोष कोणाला द्यायचाच असेल, तर तो मी 'गॉडफादर'ला देईन.

बाल्कनी: हा वाद रेवतीतीर यांच्या उपयोगाचा नाही. त्यांना रक्तपात सोसत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. 'स्कारफेस' यादीतून काढून टाकावा, कारण त्यात यांत्रिक करवतीने जिवंत माणसाला कापताना दाखवले आहे आणि त्यापुढे व्यक्तिचित्रणाला काही अर्थ उरत नाही. 'गॉडफादर'मध्ये हिंसा जवळपास नाहीच, म्हणून तोच पाहावा.

संकलनखोली: माझ्याच बाजूचे मत असले तरी दोन्ही विधाने दुरुस्त करायला हवीत, नाहीतर प्रश्न विचारणाऱ्यांची फसगत होईल. 'गॉडफादर'मध्ये अंथरुणात घोड्याचे कापलेले मुंडके आहे, गळा आवळून केलेले खून आहेत, आणि टोलनाक्यावर मायकेलचा थोरला भाऊ सनी याच्यावर झाडलेल्या गोळ्यांची अक्षरशः बरसात आहे. 'स्कारफेस'मध्ये मात्र करवत सुरू होण्याच्या सुमारास कॅमेरा खिडकीतून बाहेर पडतो आणि खाली रस्त्यावर गाडीपाशी एका तरुणीशी गप्पा मारणाऱ्या साथीदाराकडे जातो. कॅमेरा आत आल्यावर नायक टोनी मोंटानाच्या चेहऱ्यावर रक्त उडालेले दिसते, पण करवतीने अंग कापले जाताना दिसत नाही. पाहणाऱ्यांना ते पाहिल्याचे आठवते, यात दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांचे कौशल्य आहे. शेवटच्या हवेलीतल्या गोळीबारामुळे मात्र तो यादीतून काढण्याचे आपले म्हणणे बरोबर ठरते, कारण तिथे कसलाच संयम नाही. म्हणून आरंभाला तो मीही सुचवणार नाही.

चाळकरी: माझे बालपण लालबागला गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर घरी बसलेल्या बापांची मुले कोणाच्या हाताखाली गेली, हे आमच्या पिढीने जवळून पाहिले आहे. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा आधी नुसती निरोपांची ने-आण करत होता, आणि पुढे तो घरी येईनासा झाला. त्यामुळे यातले खरे कोणते आणि खोटे कोणते, असे कोणी विचारले तर 'सत्या'विषयी माझी तक्रार आहे. त्यातला नायक सत्या मुंबईत येतो, पण कुठून आणि कशामुळे, हे चित्रपट सांगतच नाही. त्यापेक्षा 'वास्तव' मला जवळचा वाटतो. पावभाजीच्या गाडीवरच्या भांडणातून एका मुलाचे आयुष्य कसे घसरते हे त्यात पायरीपायरीने दिसते, आणि शेवटी आईच्या हातून मुलाचा अंत होतो तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका चित्रपटगृहात रडल्या होत्या.

मध्यंतर: खरे-खोटे हा रेवतीतीर यांचा प्रश्न नव्हता, पण आपण मांडलेली तक्रार त्याच प्रश्नाला येऊन भिडते, म्हणून उत्तर देतो. १९९८ च्या 'सत्या'त नायकाला भूतकाळ नाही, ही त्रुटी नसून रचना आहे, असे मी मानतो. सगळा जिवंतपणा त्याच्या मित्राला, टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रेला दिला आहे: त्याचा संसार, बायकोशी होणारी त्याची कडाक्याची भांडणे, मित्रांसाठी जीव टाकणे. आणि ज्याच्यावर प्रेक्षकाचा जीव जडलेला असतो, त्यालाच त्याचा राजकारणी पाठीराखा भाऊ ठाकूरदास बोलता बोलता डोक्यात गोळी घालतो. आधी इशारा देणारे संगीत नाही की मरतानाचे भाषण नाही. 'गॉडफादर'च्या रेस्टॉरंटमध्ये आपल्याला तयार व्हायला वेळ मिळतो; इथे तो मुद्दाम नाकारला आहे.

चाळकरी: रचना असेल, पण माणूस त्या वाटेला का लागला हे कळल्याशिवाय त्याच्या मरणाचे दुःख मला अर्धेच वाटते. संपाचा एक उल्लेखही पुरला असता.

रेवतीतीर: सर्वांची आभारी आहे. माझी अडचण अजून थोडी शिल्लक आहे. चित्रपट सुरू झाल्यावर त्यातली हिंसा नुसती शोभेची आहे की माणसाविषयी काही सांगते आहे, हे माझ्यासारखीने कशावरून ओळखावे?

संकलनखोली: खुनानंतरची काही मिनिटे पाहा. 'गॉडफादर'च्या सुरुवातीलाच बोनासेरा नावाचा अंत्यसंस्कारांचा व्यावसायिक मुलीवरच्या अत्याचाराचा सूड मागायला मायकेलचे वडील, टोळीप्रमुख व्हिटो, यांच्याकडे येतो, आणि एक दिवस या उपकाराची परतफेड मागितली जाईल, असे त्याला सांगितले जाते. आता हा कोणता भयंकर गुन्हा करवून घेणार, अशी धास्ती आपल्याला वाटत राहते. परतफेड मागितली जाते ती सनीच्या मृत्यूनंतर: गोळ्यांनी चाळण झालेला मुलाचा देह त्याच्या आईला पाहवेल इतपत नीट कर, एवढेच व्हिटो मागतो. टोलनाक्यावरच्या त्या अतिरेकी गोळीबाराला या प्रसंगामुळे अर्थ येतो. तो प्रसंग नसता, तर मीही त्या गोळीबाराला निव्वळ शोभा म्हटले असते.

मध्यंतर: ही कसोटी मला मान्य आहे, आणि तिच्यावर 'गुडफेलाज' अधिक भक्कम उतरतो. दुसऱ्या टोळीतल्या बिली बॅट्सला मारून गाडीच्या डिकीत टाकल्यावर हेन्री आणि त्याचे साथीदार जिमी व टॉमी असे तिघे रात्री टॉमीच्या आईकडे फावडे आणायला जातात. म्हातारी उठते, त्यांना बसवून जेवायला वाढते, स्वतः काढलेले चित्र दाखवते, आणि टॉमी काहीतरी थाप मारून तिचा सुरा मागून घेतो. ती भूमिका दिग्दर्शक स्कोर्सेसी यांच्या आईनेच केली आहे. बाहेर डिकीत काय आहे हे ठाऊक असताना त्या घरगुती जेवणाचा आपल्यालाही मोह पडतो, आणि या माणसांना दोन्ही गोष्टी एकाच रात्री सहज जमतात, हे कळते. पुढे त्या जागेवर बांधकाम होणार म्हणून सहा महिन्यांनी तेच प्रेत उकरून हलवावे लागते. खून त्यांच्यामागे असा कटकटीचे काम म्हणून येतो.

बाल्कनी: करवतीच्या प्रसंगाबाबत दुरुस्ती मान्य आहे. पण तुमची कसोटी 'गुडफेलाज'च्याच दुसऱ्या प्रसंगाला लावून पाहा. विमानतळावरच्या मोठ्या चोरीनंतर एकेका साथीदाराचे प्रेत सापडत जाते: कोणी गुलाबी गाडीत, कोणी कचऱ्याच्या गाडीत, कोणी मांसाच्या शीतवाहनात गोठलेला. मागे एका प्रसिद्ध गाण्याच्या अखेरचा पियानो वाजतो आणि कॅमेरा तरंगत राहतो. हेही खुनानंतरचेच क्षण आहेत, पण तिथे मला कोणाविषयी काही वाटले नाही, फक्त ते दृश्य देखणे वाटले. नव्या प्रेक्षकाला प्रेत देखणे वाटावे, हे मला घातक वाटते.

मध्यंतर: ते खून जिमीने पैसे वाटावे लागू नयेत म्हणून करवले आहेत, हे आपल्याला तोवर कळलेले असते. देखणेपणा आणि हिशेब यांची ती गाठ मला जाणूनबुजून घातलेली वाटते.

बाल्कनी: ती गाठ आपल्याला दिसली, कारण आपण तो चित्रपट अनेकदा पाहिला आहे. प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याचा आहे.

रेवतीतीर: मग आधी 'गॉडफादर' पाहते, आणि 'गुडफेलाज' त्याच आठवड्यात, म्हणजे तुलना ताजी राहील. टोलनाका आणि घोड्याचा प्रसंग आता आधीच ठाऊक असल्याने सोसता येईल असे वाटते. पियानोच्या त्या प्रसंगाविषयी मला काय वाटले ते इथेच लिहीन. चाळकरी यांच्यासाठी 'वास्तव'ही यादीत घेतला आहे. 'सत्या' त्याच्या आधी पाहावा की नंतर, हे मात्र तुम्ही दोघांनी अजून ठरवलेले नाही.

चाळकरी: 'वास्तव' आधी.

मध्यंतर: 'सत्या' आधी. तो १९९८ चा आहे आणि 'वास्तव' १९९९ चा, आणि भिकूच्या मृत्यूचा धक्का कोणत्याही तयारीविना बसायला हवा. तो मी इथे आधीच सांगून टाकला असला तरी.