मदत हवी आहे : साइटवरचा प्लांट, घसारा आणि दुसऱ्या साइटला दिलेला माल – २,००० चा फरक निघत नाहीये

वैतागलेला_कॉस्टवाला
एका कंत्राटाचं खातं करतोय. मी काढलेला खर्च साहेबांनी काढलेल्या आकड्यापेक्षा २,००० ने जास्त येतोय. साहेब फक्त एकूण आकडा सांगतात, "शोध तू" म्हणतात. प्लांट ८,००,००० चा, घसारा २०%. काही माल स्टोअरला परत गेला, काही दुसऱ्या साइटला गेला. मजुरी, सब-कॉन्ट्रॅक्ट, बाकी सगळं तीनदा तपासलंय, तिथे काही नाही. कोणी लवकर सांगेल का? उद्या द्यायचंय.

हिशोबी_माणूस
एवढ्या मोठ्या कामात २,००० म्हणजे काय हो. किरकोळ खर्चात टाका आणि झोपा.

शेवटचा_पेपर
घसारा २०% वार्षिक आहे की नुसता २०%? वार्षिक असेल तर महिन्यांच्या प्रमाणात काढायचा. आमच्या गणितांत हाच सापळा असतो.

वैतागलेला_कॉस्टवाला
वार्षिकच आहे, ते उघड आहे. १ एप्रिलला काम सुरू, ३१ डिसेंबरला खाती बंद. ८,००,००० वर २०%, ९ महिने = १,२०,०००. एवढं येतं मला.

जुना_लेखापाल
सगळा प्लांट ३१ डिसेंबरपर्यंत त्याच साइटवर होता का?

वैतागलेला_कॉस्टवाला
नाही, २,००,००० चा मिक्सर ३० सप्टेंबरला दुसऱ्या साइटला दिला. होइस्ट वगैरे ६,००,००० चं इथेच आहे. पण मालकी तर कंपनीचीच ना, त्याने काय फरक पडतो?

शेवटचा_पेपर
अहो दादा, तिथेच तर फरक पडतो! मिक्सरची ६ महिन्यांचा घसारा वजा जाता किंमत १,८०,०००. ती खात्याला जमा करा, झालं काम.

वैतागलेला_कॉस्टवाला
केली जमा. आता माझा खर्च साहेबांपेक्षा १,७८,००० ने कमी दिसतोय. थट्टा करताय का?

शेवटचा_पेपर
मग साहेबांचं चुकलं असेल. पुस्तकात हेच दिलंय: प्लांट दुसऱ्या कंत्राटाला गेला की जमा बाजूला घसारा वजा जाऊन उरलेली किंमत.

जुना_लेखापाल
थांबा दोघेही. कॉस्टवाले भाऊ, नावे बाजूला तुम्ही काय लिहिलंय? प्लांट ८,००,०००, की फक्त घसारा १,२०,०००?

वैतागलेला_कॉस्टवाला
फक्त घसारा. आमच्याकडे तसंच करतात.

जुना_लेखापाल
मग १,८०,००० काढून टाका. जो प्लांट खात्यात आलाच नाही तो बाहेर कसा जाईल? पेपरवाल्या मुलाने सांगितलेली नोंद बरोबर आहे, पण ती दुसऱ्या पद्धतीतली. त्या पद्धतीत आधी पूर्ण ८,००,००० नावे पडतात, मग मिक्सर गेला तेव्हा १,८०,००० जमा आणि वर्षअखेर साइटवर राहिलेल्या प्लांटचे ५,१०,००० जमा. ८,००,००० मधून हे दोन्ही वजा केले की खात्यावर निव्वळ १,१०,००० चा भार राहतो.
तुमच्या पद्धतीत तोच भार सरळ काढायचा. ६,००,००० वर ९ महिन्यांचे ९०,०००, मिक्सरवर फक्त ६ महिन्यांचे २०,०००. तेच १,१०,०००. दोन्ही वाटांनी आकडा एकच यायला हवा, नाहीतर कुठेतरी दोन पद्धतींची खिचडी झालीय.
मालकी कंपनीची असली तरी कंत्राटाच्या खात्याला तिच्याशी घेणंदेणं नाही. मिक्सर इथे राबला किती दिवस, एवढंच त्याला विचारायचं.

वैतागलेला_कॉस्टवाला
म्हणजे १०,००० कमी करायचे? केले. आता फरक ८,००० झाला, तोही उलट्या बाजूला! आधी २,००० जास्त होते, आता ८,००० कमी. मला तर पहिलंच बरोबर वाटतंय.

हिशोबी_माणूस
म्हणून सांगत होतो, २,००० वर सोडून द्या.

जुना_लेखापाल
उलट आता कुठे खरी गोष्ट दिसायला लागली. तुमच्या खात्यात दोन गडबडी होत्या, एक १०,००० ची आणि एक ८,००० ची, एकमेकींच्या विरुद्ध. २,००० हा त्यांचा वजाबाकीतला उरलासुरला भाग. आता मालाची बाजू सांगा. परत गेलेला, दुसऱ्या साइटला गेलेला आणि शिल्लक, तिन्ही वेगवेगळे. आणि प्रत्येकाला कोणता दर लावलात तेही.

साइटवरचा_बाप्या
माझा वेगळा प्रश्न आहे. आमचा मिक्सर भाड्याने घेतलेला आहे, त्यावर घसारा किती लावू? साइट आठ महिने चालू आहे.

शेवटचा_पेपर
८ महिन्यांचा लावा, वार्षिक दराने.

जुना_लेखापाल
अरे बाबा, भाड्याच्या मिक्सरवर घसारा मालक लावेल. तुम्ही भाडं सरळ कंत्राटाला नावे टाका. डिझेल, ऑपरेटर तुमचा असेल तर तेही. दुरुस्ती कोणाकडे, ते करारात बघा. आणि नवीन धागा काढा, इथे गुंता होतोय.

साइटवरचा_बाप्या
बरं बरं. पण भाडं तर काम बंद असलं तरी चालूच असतं, ते कुठे टाकू?

वैतागलेला_कॉस्टवाला
माझं आधी होऊ द्या. स्टोअरला परत ३५,०००. दुसऱ्या साइटला सिमेंट, ६८,०००. साइटवर शिल्लक ९०,०००. तिन्ही जमा बाजूला आहेत. दर कशाला हवेत? नोटेवर रक्कम लिहिलेली असते.

स्टोअरवाला_नाना
किती पोती?

वैतागलेला_कॉस्टवाला
२०० पोती, ३४० दराने. मटेरियल ट्रान्सफर नोटेवर तसंच आहे, सही-शिक्क्यासकट.

स्टोअरवाला_नाना
आणि तुमच्या साइटला ती पोती कोणत्या दराने नावे पडली होती? स्टोअर लेजर उघडा, इश्यूचा दर बघा. ट्रान्सफर नोटेवर दर लिहिणारा बहुतेक वेळा साइटवरचा इंजिनिअर असतो, आणि तो त्या दिवशीचा बाजारभाव लिहून मोकळा होतो. आमच्याकडे म्हणूनच नोटेवर फक्त नग लिहायला परवानगी आहे, दर ऑफिस भरतं.

वैतागलेला_कॉस्टवाला
लेजरला ३०० आहे. २०० पोती × ३०० = ६०,०००. पण नोटेवर ३४० होतं तर मी काय करणार, माझ्यासमोर कागद तोच होता.

जुना_लेखापाल
हेच तुमचे ८,०००. तुमच्या साइटला सिमेंट ६०,००० ला नावे पडलं, तर जमाही ६०,०००. ६८,००० जमा केलेत तर तुमच्या कंत्राटाला एक वीटही न लावता ८,००० चा फायदा दिसतो आणि समोरच्या साइटचं बांधकाम तेवढंच महाग दिसतं.
आणि गंमत बघा, समोरच्या साइटनेही ६८,००० च नावे टाकले असतील. दोन्ही साइटची बेरीज जुळते, ट्रान्सफरची तपासणी स्वच्छ निघते. हे फक्त इश्यूचा दर आणि नोटेचा दर शेजारी ठेवल्यावर कळतं. त्यांच्या खात्यातही बदल करायला सांगा, नाहीतर तुम्ही ६०,००० आणि ते ६८,००० असा नवा फरक उभा राहील.

हिशोबी_माणूस
मला हे पटत नाही. सिमेंट आज आणायला गेलं तर ३४० ला मिळतं. पहिल्या साइटने स्वस्तात घेतलेला माल दुसऱ्याने फुकटात का न्यावा? बाजारभावच न्याय्य आहे.

जुना_लेखापाल
कंपनीचं धोरण बाजारभावाने द्यायचं असेल तर द्या, पण वरचे ८,००० कंत्राटाला जमा करू नका, कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्याला न्या. बाहेर विकला असता तरी मी तेच केलं असतं. बांधकामातला नफा वेगळा आणि सिमेंटच्या भावातला वेगळा.

हिशोबी_माणूस
मग साइट मॅनेजरने वेळेवर स्वस्तात खरेदी केली, त्याचं श्रेय कुठे गेलं?

स्टोअरवाला_नाना
खरेदी साइट मॅनेजर करत नाही हो, खरेदी विभाग करतो.

हिशोबी_माणूस
आमच्याकडे करतो.

शेवटचा_पेपर
मला एक शंका. दुसऱ्या साइटने मिक्सरवर ३ महिन्यांचा घसारा १,८०,००० वर काढायचा ना? म्हणजे ९,०००.

जुना_लेखापाल
नाही. सरळ रेषा पद्धत असेल तर मूळ २,००,००० वर, म्हणजे १०,०००. घटत्या शिल्लक पद्धतीतही आधार वर्षाच्या सुरुवातीची किंमत असते, मिक्सर मध्येच एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेला म्हणून ती बदलत नाही. पडताळा सोपा आहे: मिक्सरचा ९ महिन्यांचा एकूण घसारा ३०,०००. एका साइटने २०,००० घेतला, दुसऱ्याने १०,००० घ्यायलाच हवा. ९,००० घेतला तर १,००० प्लांट रजिस्टर आणि कंत्राटं यांच्यात लटकतो. कॉस्टवाल्यांनी आधी पूर्ण ९ महिने लावले होते, तेव्हा समोरच्या १०,००० सकट एकाच मिक्सरचा घसारा ४०,००० झाला होता.

शेवटचा_पेपर
पण आमच्या एका सोडवलेल्या गणितात नव्या कंत्राटाने १,८०,००० वरच काढलाय.

जुना_लेखापाल
परीक्षेत नवं कंत्राट बऱ्याचदा सुटं गणित म्हणून येतं, मिक्सर त्याला जणू १,८०,००० ला विकत मिळालाय असं धरून. तिथे गृहीतक एका ओळीत लिही आणि पुढे जा. कामावर प्लांट रजिस्टर समोर असतं, तिथे चालत नाही.

वैतागलेला_कॉस्टवाला
जुळलं. साहेबांच्या आकड्याशी पै न् पै. आता साहेब नवीनच काढतायत: मिक्सर ३० सप्टेंबरला इथून निघाला, पण तिकडे २० ऑक्टोबरला लागला. मधले दिवस यार्डात पडून होता. तो घसारा कोणाचा?

स्टोअरवाला_नाना
ज्याने मागवला त्याचा. त्यांची जागा तयार नव्हती म्हणून यार्डात राहिला असणार.

जुना_लेखापाल
मी असे दिवस कोणत्याच कंत्राटावर टाकत नाही, प्लांटच्या सामायिक खर्चात नेतो. तसं केलंत तर समोरच्याचे १०,००० थोडे कमी होतील आणि ती रक्कम सामायिक खर्चात दिसेल, एकूण ३०,००० च राहतील.

हिशोबी_माणूस
सामायिक खर्च म्हणजे शेवटी सगळ्या साइटवरच वाटला जातो. आम्ही पाठवणाऱ्या साइटवर टाकतो, म्हणजे ते वेळेवर पाठवतात.

स्टोअरवाला_नाना
पाठवणारा वेळेवरच पाठवतो हो, घेणाऱ्याकडे फाउंडेशन झालेलं नसतं. रजिस्टरमधली गेट पासची तारीख बघा आणि मग बोला.

साइटवरचा_बाप्या
माझ्या भाड्याच्या मिक्सरचं पण असंच आहे, काम बंद आणि भाडं चालू. कोणीतरी सांगा ना.