बहिणीच्या स्तनातली गाठ: पाण्याची की भरीव?

धनश्री_क: बहिणीची सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये ‘फायब्रोॲडिनोमा किंवा कॉम्प्लिकेटेड सिस्ट’, म्हणजे भरीव गाठ किंवा पाण्याची, असं दोन्ही लिहिलंय. दोन्हींतलं नक्की काय ते सोनोग्राफीत कळत नाही का? सर्जन सोमवारी भेटणार, आई रात्रभर जागी आहे. लवकर सांगा कोणीतरी.

वर्षाताई: माझ्या जावेलाही सिस्ट होती. पाळीच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांत गेली. घाबरू नका.

मिलिंद_सातारा: ताई, जावेची अंडाशयावरची असणार. धनश्री, बहिणीचं वय काय? गाठीचं माप?

धनश्री_क: हो, स्तनात आहे, डाव्या. वय २२. ‘१८ × ११ मिमी, ओव्हल, कडा स्पष्ट, हायपोएकोइक, पोस्टिरिअर एन्हान्समेंट, बायरॅड्स ३’.

मिलिंद_सातारा: एन्हान्समेंट म्हणजे गाठीच्या मागचा भाग उजळ दिसतोय. पाण्यामागेच तसं दिसतं. सिस्ट आहे, सुईने पाणी काढलं की संपलं.

सोनोवाली: मी रेडिओलॉजिस्ट आहे. मिलिंद, सिस्टमागे उजळ दिसतं हे खरं, पण फायब्रोॲडिनोमामागेही बऱ्याचदा दिसतं. त्यावरून ठरवता येत नाही. साधी सिस्ट आतून पूर्ण काळी दिसते, ही हायपोएकोइक म्हणजे करडी आहे. करडेपणा भरीव पेशींचा असेल, नाहीतर पाणी दाट होऊन त्यात कण तरंगत असतील. मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, जास्त ठेवला तर साधी सिस्टसुद्धा करडी दिसते. डॉपलरचं काय लिहिलंय? कुशीवर वळवून पाहिलं होतं का?

धनश्री_क: डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला नाही. वळवलं नव्हतं.

मिलिंद_सातारा: बघा, रक्तप्रवाह नाही. सिस्टच.

सोनोवाली: नाही. आत रक्तप्रवाह दिसला असता तर गाठ भरीव हे ठरलं असतं. न दिसल्याने उलटं ठरत नाही, लहान फायब्रोॲडिनोमात तो पुष्कळदा सापडत नाही. शिवाय सिस्ट जास्त करून पस्तिशीनंतर होतात. २२ व्या वर्षी माझा कल फायब्रोॲडिनोमाकडे. कुशीवर वळवल्यावर आतले कण सरकले तर मात्र पाणीच.

नीला_जोशी: मॅमोग्राफी का नाही केली? सरळ कळलं असतं.

सोनोवाली: मॅमोग्राफीत सिस्ट आणि भरीव गाठ सारखीच दिसते. या वयात स्तन दाट असतात, त्यात गाठ लपूही शकते.

धनश्री_क: मग सोमवारी सर्जनना काय विचारू?

सोनोवाली: थांबायचं की सुई घालायची, ते विचारा. बायरॅड्स ही गाठीच्या धोक्याची श्रेणी. ३ मध्ये कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या वर धरत नाहीत, म्हणून सहसा ६ महिन्यांनी परत सोनोग्राफी करून माप ताडतात. तोवर थांबवत नसेल तर सोनोग्राफीत बघत सुई घालता येते. पाणी येऊन गाठ नाहीशी झाली तर सिस्ट. काहीच आलं नाही तर जाड सुईने तुकडा काढून तपासतात.

मिलिंद_सातारा: सहा महिने टांगून कशाला ठेवायचं? मावसबहिणीने सरळ काढून टाकली.

नीला_जोशी: आणि वण आयुष्यभर राहिला तर?

सोनोवाली: धनश्री, गाठ कधीपासून लागतेय? गेल्या काही महिन्यांत वाढली का?

धनश्री_क: वाढल्यासारखी वाटते म्हणते, पण पाळीच्या आधीच. तिला परत विचारून लिहिते.