उत्तर: ट्रायफोनसाठी एवढा डेटा कुठून आणायचा?

> प्रत्येक ध्वनीचं शेजाऱ्यांप्रमाणे वेगळं मॉडेल करायचं तर एवढा डेटा आणणार कुठून?

बोलणं ओळखणाऱ्या प्रणालीसाठी एवढा डेटा आणत नाहीतच, मॉडेलं वाटून वापरतात. ट्रायफोन म्हणजे डाव्या-उजव्या शेजाऱ्यांसकट धरलेला एक ध्वनी. ४० ध्वनी धरले तर डावा-मधला-उजवा मिळून ६४,००० ट्रायफोन होतात, आणि प्रत्येकाच्या सुरुवात, मध्य, शेवट अशा ३ स्टेट म्हणजे १,९२,००० स्टेट, त्यातले कितीतरी ट्रायफोन रेकॉर्डिंगमध्ये एकदाही येत नाहीत. आता 'की' आणि 'कू' म्हणून बघा, 'क'लाच जीभ पुढे सरकते नाहीतर ओठ गोल होतात, स्वर अजून आलेलाही नसतो. पण 'कू'आधी जे होतं तेच साधारण 'को'आधीही होतं, मग दोन्हीकडच्या 'क'ची शेवटची स्टेट एकच ठेवली तरी चालतं. हे ठरवायला प्रत्येक ध्वनीच्या प्रत्येक स्टेटसाठी एक डिसिजन ट्री बांधतात, प्रश्न साधे असतात, उजवीकडे गोल ओठांचा स्वर आहे का, डावीकडे अनुनासिक आहे का, आणि ज्या प्रश्नाने डेटाची लाइकलिहूड, म्हणजे मॉडेलला तो डेटा किती संभाव्य वाटतो ते माप, सगळ्यात जास्त वाढते तो घेऊन फांदी फोडायची. झाडाचं प्रत्येक पान म्हणजे वाटून वापरायची एक स्टेट, अशा शेवटी काही हजार स्टेट उरतात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की कधीच न ऐकलेला ट्रायफोनसुद्धा त्याच प्रश्नांची उत्तरं देत खाली कुठल्यातरी पानावर पोचतोच, त्याला मॉडेल मिळतंच.

फक्त एका पानावर किमान किती फ्रेम, म्हणजे रेकॉर्डिंगचे छोटे छोटे तुकडे, हव्यात ती मर्यादा जपून ठेवा. मी एकदा ती फार खाली आणली, ट्रेनिंगची लाइकलिहूड मस्त चढत गेली पण वेगळ्या ठेवलेल्या रेकॉर्डिंगवर शब्दांच्या चुका वाढल्या, कारण काही पानं दोन-तीन माणसांच्याच आवाजावर बेतली होती. म्हणून झाड वाढवताना ट्रेनिंगचा आकडा बघू नका, वेगळ्या ठेवलेल्या आवाजांवरच्या चुका मोजा.